पुणे पासपोर्ट ऑफिस: मुंढव्याला जायचं की बाणेरला? बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी अपॉइंटमेंट, कागद आणि मुक्काम

विटेकर

नमस्कार मंडळी. आम्ही विट्याचे (जि. सांगली). मुलगी दोन वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहे, कर्वेनगरला तीन मुलींनी मिळून फ्लॅट घेतलाय. तिने पासपोर्टचा नवीन अर्ज ऑनलाइन भरला, १५०० रुपये भरले, मुंढव्याच्या सेवा केंद्रात जाऊन फोटो, बोटांचे ठसे सगळं झालं. सध्याचा पत्ता कर्वेनगरचा दिला, कायमचा पत्ता विट्याचा.

पुढच्याच आठवड्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं म्हणून ती तीन आठवडे गावी आली. नेमके त्याच काळात पोलीस फ्लॅटवर आले. घरात कोणी नव्हतं, वॉचमनने सांगितलं की "त्या मुली गेल्या गावाला". झालं, पत्त्यावर आढळली नाही असा रिपोर्ट गेला. आता वेबसाइटवर फाइल थांबली असं दिसतंय आणि प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाशी संपर्क साधा असा मेसेज आलाय.

माझे प्रश्न असे. पुन्हा पैसे भरून अपॉइंटमेंट घ्यायची का? ऑफिस म्हणजे मुंढव्याचंच ना? सोबत कोणते कागद न्यायचे? आणि मी व तिची आई दोघं येणार आहोत, मुलींच्या फ्लॅटवर आम्हाला राहता येणार नाही, तर ऑफिसजवळ राहायची सोय कुठे होईल? ऑपरेशनमुळे मला फार धावपळ जमत नाही, म्हणून एवढं विचारतोय. तिला कंपनीकडून परदेशी पाठवायचं चाललंय, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

राजू_चिंचवड

काका, काही काळजी करू नका. मुंढव्यालाच जायचं, पासपोर्टचं सगळं तिथेच होतं. अपॉइंटमेंट नसली तरी सकाळी लवकर जाऊन गेटवर सांगितलं की सोडतात. माझ्या वडिलांना सोडलं होतं. नाहीतर सरळ नवा अर्ज तत्काळमधून टाका, त्यात पोलीस येतच नाहीत.

फॉर्मवाली_कोल्हापूर

राजूदादा, तुमच्या वडिलांचं वय साठच्या वर असणार. ज्येष्ठ नागरिक, चार वर्षांच्या आतली मुलं आणि दिव्यांग यांना सेवा केंद्रात अपॉइंटमेंटशिवाय घेण्याची सवलत आहे, तीही अर्ज ऑनलाइन भरून एआरएन नंबर हातात असेल तर. विटेकरकाकांच्या मुलीला ती लागू नाही, आणि तिचं काम आता सेवा केंद्राचं राहिलेलंच नाही.

मी कोल्हापुरात गेली अकरा वर्षं लोकांचे फॉर्म भरून देते. सगळ्यात जास्त खेटे याच एका गोंधळामुळे पडतात, म्हणून नीट सांगते.

पासपोर्ट सेवा केंद्र (पीएसके) हे अर्ज स्वीकारायचं ठिकाण. पुण्यात ते मुंढव्याला आहे. तिथे ए, बी, सी अशा तीन काउंटरवरून अर्जदार जातो. ए ला फोटो, ठसे आणि कागद स्कॅन होतात, बी ला सरकारी अधिकारी कागद तपासतात, सी ला मंजुरीचा निर्णय होतो. तिथून पोचपावती मिळाली की सेवा केंद्राचा तुमच्याशी संबंध संपला.

प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय (आरपीओ) म्हणजे जिथे ती फाइल पुढे जाते. पोलीस रिपोर्ट तिथे येतो, पासपोर्ट तिथून छापून स्पीड पोस्टने निघतो, आणि फाइल अडली तर तिथेच अडते. पुण्याचं हे कार्यालय म्हणजे पासपोर्ट भवन, बाणेर-पाषाण लिंक रोडवर. मुंढवा शहराच्या पूर्वेला आणि बाणेर पश्चिमेला, म्हणजे चुकून एका ठिकाणी गेलात तर अख्खं पुणे ओलांडून दुसरीकडे जायचं. दोन्ही एकाच दिवशी करू म्हणणारे लोक माझ्याकडे दरमहा येतात.

काका, तुम्हाला बाणेरला जायचंय. पैसे परत भरायचे नाहीत. पोर्टलवर आरपीओच्या चौकशीसाठी वेगळी अपॉइंटमेंट असते, तिला फी नाही. ती फाइल नंबरवर मिळते. फाइल नंबर मुंढव्याला मिळालेल्या पोचपावतीवर असतो. एआरएन वेगळा आणि फाइल नंबर वेगळा, तेवढं बघून घ्या. पत्ता फक्त `www.passportindia.gov.in`. गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या साइटवर जाऊ नका, तिथे पैसे मागतात.

विटेकर

ताई, खूप आभार. पोचपावती सापडली, फाइल नंबर आहे. मी मुंढव्याचं तिकीट काढल्यासारखाच होतो.

राजू_चिंचवड

मला खरंच माहीत नव्हतं की ऑफिसं दोन आहेत. पण तत्काळचं तरी बरोबर आहे ना? माझ्या मित्राला आठ दिवसांत मिळाला, पोलीस नंतर आले.

फॉर्मवाली_कोल्हापूर

मित्राचं खरं असेल. तत्काळमध्ये बऱ्याचदा पासपोर्ट आधी आणि पोलीस चौकशी नंतर होते. पण चौकशी सुटते असं नाही, आणि प्रत्येकाला नंतरच होईल याची हमी नाही, ते कार्यालय ठरवतं. शिवाय २००० रुपये जास्तीचे.

काकांच्या बाबतीत मुख्य अडचण वेगळी आहे. नव्या अर्जात प्रश्न असतो की याआधी अर्ज केला होता का आणि पासपोर्ट मिळाला नाही असं झालंय का. तिथे खरं लिहावं लागतं, फाइल नंबरसकट. जुनी फाइल उघडी असताना दुसरी टाकली तर दोन्ही एकमेकींच्या पायात येतात. आधी जुनीचं काय ते बाणेरला मिटवा. आणि त्यांची मुलगी अजून त्याच फ्लॅटमध्ये राहते ना? मग नवा अर्ज कशाला? पोलीस चौकशी परत पाठवा एवढंच मागायचं आहे.

काका, भाडेकरार कधीपर्यंतचा आहे ते सांगा. यावर सगळं आहे.

विटेकर

करार ११ महिन्यांचा, याच महिन्याच्या ३० तारखेला संपतोय. मालक वाढवून द्यायला तयार आहेत. करार रजिस्टर केलेला आहे, ऑनलाइन केला होता.

निवृत्त_हवालदार

मी पोलीस ठाण्यात पासपोर्टचं टेबल सहा वर्षं सांभाळलं, म्हणून दोन शब्द.

पोलीस मुद्दाम कोणाला नापास करत नाहीत. आमच्याकडे अर्ज आला की ठरावीक दिवसांत रिपोर्ट पाठवायचा असतो. माणूस पत्त्यावर जातो, दार बंद असलं तर शेजाऱ्याला, वॉचमनला विचारतो. वॉचमन म्हणाला "गेल्या" की त्याचा अर्थ सोडून गेल्या असाही होतो आणि गावाला गेल्या असाही होतो. तिथे फोन करून खात्री केली तर बरं, पण प्रत्येक वेळी फोन लागतोच असं नाही. मुलीने अर्जात मोबाइल नंबर कोणता दिलाय ते तपासा. अनेक मुलं वडिलांचा नंबर देतात आणि वडील अनोळखी नंबर उचलत नाहीत.

दुसऱ्या चौकशीच्या वेळी तिने स्वतः घरी असायला हवं. शेजारच्या दोघांना आधी सांगून ठेवा, सही लागली तर ते ऐन वेळी कचरतात. भाडेकराराची प्रत, आधार, कंपनीचं ओळखपत्र आणि एक फोटो दारामागे फोल्डरमध्ये तयार ठेवावा. ठाण्यात बोलावलं तर तोच फोल्डर घेऊन जायचं. आणि वॉचमनला तिचं पूर्ण नाव सांगा. सोसायटीत सगळे तिला "बी विंगची मुलगी" म्हणूनच ओळखत असतील.

सावली

हल्ली पोलीस घरी येतच नाहीत ना? २०१८ मध्ये नियम बदलला असं वाचलं होतं. फक्त गुन्हा आहे का आणि नागरिकत्व एवढंच बघतात.

निवृत्त_हवालदार

अर्धं बरोबर आहे, ताई. चौकशीचे मुद्दे कमी झाले हे खरं. पण प्रत्यक्षात काही ठाणी घरी माणूस पाठवतात, काही अर्जदाराला बोलावून घेतात. आता मोबाइल ॲपवर रिपोर्ट जातो, त्यामुळे कागदाचा प्रवास वाचला. घरी कोणी येणार नाही असं धरून चालू नये, एवढंच.

नागपूरचा_पाहुणा

माझी केस वेगळी आहे पण विचारून घेतो. माझ्यावर भावकीच्या जमिनीच्या भांडणात मारामारीचा गुन्हा आहे, कोर्टात केस चालू आहे. मुलाकडे दुबईला जायचंय. मी अर्जात "नाही" लिहिलं तर चालेल का? जुनी केस आहे, कोणाला कळणार?

फॉर्मवाली_कोल्हापूर

नका लिहू "नाही". पोलीस रिपोर्टमध्ये येणारच, आणि मग माहिती लपवली म्हणून वेगळा दंड आणि नोटीस. १९९३ च्या ऑगस्टमधली सरकारी अधिसूचना आहे. तिच्यानुसार केस चालू असलेल्या माणसाला त्या कोर्टाची परवानगी आणून पासपोर्ट मागता येतो. कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर साधारण एक वर्षाचा मिळतो. तुमच्या वकिलांना हे सांगा, अर्ज त्यांना कोर्टात करावा लागेल. यापुढचं मला सांगता येणार नाही, गुन्ह्याच्या कलमांवर आहे.

बाणेरकर

मी बाणेरलाच राहतो, मुक्कामाचं सांगतो.

विट्याहून एसटीने आलात तर स्वारगेटला उतरता. तिथून पासपोर्ट भवनला रिक्षाने सकाळच्या वेळी एक तास धरा, विद्यापीठ रस्त्याला गर्दी असते. त्यापेक्षा सांगली-कोल्हापूरकडून मुंबईला जाणाऱ्या खासगी गाड्या कात्रजवरून बायपासने जातात. त्यात चांदणी चौकात उतरायचं, तिथून पाषाणमार्गे रिक्षा केली की शहरात शिरायचंच नाही. फक्त गाडी पहाटे तीन-चारला तिथे पोचते, आणि तेव्हा बसायला जागा नाही. काकांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी असं करू नये. आदल्या दिवशी दुपारी या, रात्र काढा.

जागा बाणेर, बालेवाडी, पाषाण, औंध या पट्ट्यात बघा. हायवेच्या बाजूला कंपनीवाल्यांसाठीची हॉटेलं भरपूर आहेत, शनिवार-रविवारी भाव उतरतात पण तुमचं काम मधल्या वारी आहे. आमच्या पाहुण्यांना मागच्या महिन्यात दोघांची खोली १८०० ला मिळाली, सकाळचा नाश्ता धरून. पुणे स्टेशनजवळ त्यापेक्षा स्वस्त लॉज आणि धर्मशाळा आहेत, पण बाणेरपासून लांब. मुंढव्याच्या सेवा केंद्राचं काम असेल तर मात्र स्टेशन, कल्याणीनगर, खराडी, मगरपट्टा हा भाग सोयीचा. मुंढव्याजवळ हडपसर रेल्वे स्टेशन आहे, तुमची गाडी तिथे थांबत असेल तर फारच उत्तम.

खोली घेताना तळमजला किंवा लिफ्ट आहे का ते फोनवर विचारा, काका. फोटोत लिफ्ट दिसत नाही.

आर्या_सोलापूर

मुक्कामावरून माझं सांगते. मी मुंढव्याच्या कामासाठी आईला घेऊन आले. साडेनऊची वेळ होती म्हणून आदल्या रात्रीच आलो, कारण हुतात्मा सोलापूरहून सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून साडेदहाच्या आसपास पुण्यात पोचते, म्हणजे सकाळच्या वेळेला उपयोग नाही.

लॉजवर खोली घेताना काउंटरवरच्या माणसाने आईचं आधार कार्ड झेरॉक्सला म्हणून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. आम्ही दमलो होतो, विसरलो. सकाळी मुंढव्याला काउंटर ए वर पोचल्यावर फाइल उघडली तर आधारची झेरॉक्स आहे, मूळ कार्ड नाही. पत्त्याचा पुरावा तोच होता. मी रिक्षाने लॉजवर परत जाऊन घेऊन आले तेव्हा पावणेबारा वाजले. आईला आत बसवून ठेवलं होतं, काउंटरवरच्या मुलीने समजून घेतलं म्हणून निभावलं. लॉजवर झेरॉक्स द्या, मूळ कार्ड दाखवा आणि तिथल्या तिथे परत घ्या.

फॉर्मवाली_कोल्हापूर

आर्याताई, हे फार उपयोगी सांगितलंत. पुढच्यांसाठी एक भर घालते. अर्ज भरताना कागद डिजिलॉकरमधून जोडले तर त्या कागदाची मूळ प्रत सेवा केंद्रात मागत नाहीत. तरी मी माझ्या लोकांना मूळ न्यायलाच सांगते, कारण नावात एक अक्षर इकडेतिकडे असलं की अधिकारी मूळ बघतात.

किरण_नगर

माझ्या मुलाचं सांगतो, तो आठ महिन्यांचा आहे. त्याच्यासाठी जन्मदाखला पुरेल का? शाळेचा दाखला नाही हे उघडच आहे. आणि आम्ही दोघांनी जायला हवं का?

फॉर्मवाली_कोल्हापूर

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखलाच चालतो, दुसरा कोणताही कागद नाही. तेव्हा तुम्ही बरोबर आहात. आई-वडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट डी लागतं. साध्या कागदावर छापायचं, नोटरीची गरज नाही. चार वर्षांच्या आतल्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्यावा लागतो. दोघं गेलात तर उत्तम. दाखल्यात बाळाचं नाव घातलंय ना ते आधी बघा, बऱ्याच दाखल्यांत नावाची जागा रिकामीच असते. नाव घालून नवा दाखला काढा, मगच फॉर्म भरा.

आता विटेकरकाका, तुमच्यासाठी बाणेरला न्यायचे कागद. मुलीने स्वतः जायचंय, फाइल तिची आहे. तुम्ही आत जाऊ शकाल की नाही हे तिथल्या माणसांवर. बाहेर बसायची तयारी ठेवा.

सगळ्यात वर तिच्या सहीचा साधा अर्ज, पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट अधिकाऱ्यांच्या नावे. एका पानात काय झालं ते लिहायचं: अमुक फाइल नंबर, या तारखेला मुंढव्याला अर्ज दिला, या तारखेपासून या तारखेपर्यंत वडिलांच्या ऑपरेशनमुळे गावी होते, म्हणून चौकशीच्या वेळी घरी नव्हते, आजही त्याच पत्त्यावर राहते, पोलीस चौकशी पुन्हा पाठवावी ही विनंती. पोलिसांबद्दल तक्रार लिहू नका, गरज नाही. त्याखाली पोचपावती, अपॉइंटमेंटचा कागद, आधार, रजिस्टर भाडेकरार. नुसता नोटरीचा करार पत्त्याचा पुरावा म्हणून धरत नाहीत, तुमचा रजिस्टर आहे ते बरं झालं. सोसायटीचं किंवा मालकाचं पत्र एकटं पुरावा होत नाही, पण जोडा. तुमच्या हॉस्पिटलच्या डिस्चार्जची झेरॉक्सही जोडा, तारखा जुळतात. प्रत्येक झेरॉक्सवर तिची सही हवी.

आणि हे मी ठासून सांगते: ३० तारखेच्या आत करार वाढवा. पोलीस दुसऱ्यांदा येतील तेव्हा हातात संपलेला करार असला तर परत तेच. नवा करार रजिस्टर करून घ्या, मगच बाणेरला जा. चार दिवस इकडेतिकडे झाले तरी चालेल.

सावली

पण समजा ती फ्लॅट सोडूनच गेली असती तर? माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. तिला तिथे सांगितलं की नवीन पत्त्याचा पुरावा द्या, नव्या ठिकाणी चौकशी पाठवतो.

बाणेरकर

माझ्या मित्राला उलट सांगितलं. फाइल बंद करा आणि नवा अर्ज भरा. त्याची फी गेली.

फॉर्मवाली_कोल्हापूर

दोन्ही पाहिलंय मी. पत्ता त्याच ठाण्याच्या हद्दीत आहे की वेगळ्या जिल्ह्यात, फाइल किती पुढे गेली आहे, यावर अधिकारी ठरवतात असं मला वाटतं. पक्का नियम सांगता येत नाही. म्हणून जाताना दोन्हींची तयारी ठेवायला सांगते.

मुंबईकर_सुहास

बीकेसीतल्या विदेश भवनातही आरपीओच्या चौकशीची अशीच अपॉइंटमेंट लागते. जी ब्लॉकमध्ये आहे, आता मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन झाल्याने जाणं सोपं झालंय. विटेकरांनी मुंबईला का नाही जायचं? तिथे लवकर तारीख मिळते.

फॉर्मवाली_कोल्हापूर

सुहासदादा, अर्ज भारतात कुठूनही करता येतो हे २०१८ पासून झालं, ते नव्या अर्जासाठी. अडलेली फाइल ज्या आरपीओकडे आहे तिथेच सुटते. ही फाइल पुण्याची आहे.

विटेकर

मंडळी, जाऊन आलो. सांगतो.

करार आधी वाढवला, तिसऱ्या दिवशी रजिस्टर होऊन आला. मग मुलीने चौकशीची अपॉइंटमेंट घेतली, चार दिवसांनंतरची तारीख मिळाली, वेळ सकाळी ११ ची. आम्ही दोघं आदल्या दिवशी दुपारी एसटीने स्वारगेटला आलो. बाणेरला हायवेजवळ खोली घेतली, १६०० रुपये, लिफ्ट होती. बाणेरकरांनी सांगितल्याप्रमाणे फोनवर विचारूनच ठरवलं. आधार काउंटरवर दिलं आणि त्या मुलासमोर उभा राहिलो तो कार्ड परत हातात येईपर्यंत. आर्याताई, तुमची आठवण झाली.

मुलगी कर्वेनगरहून परस्पर आली. आम्ही साडेदहालाच पोचलो. गेटवर मेसेज आणि ओळखपत्र पाहून तिला पंधरा मिनिटं आधी आत घेतलं. मी बाहेर थांबलो, हातात प्रवासाची बॅग होती, ती तशीही आत नेता आली नसती. पुढच्या खेपेला बॅग खोलीवर ठेवूनच येणार. खोली दुपारी बारापर्यंत होती.

आत काय झालं ते मुलीने सांगितलं. मॅडमनी आधी कॉम्प्युटरवर रिपोर्ट वाचला, मग अर्ज वाचला. भाडेकराराचं शेवटचं पान उलटून तारीख बघितली. जुना करार ३० ला संपत होता आणि नवा १ तारखेपासून आहे, हे त्यांनी बोट ठेवून पाहिलं. ताई, तुम्ही करार आधी करायला लावला नसता तर तिथेच अडलं असतं. डिस्चार्जचा कागद त्यांनी घेतला नाही, पाहून परत दिला. "मोबाइल चालू ठेव आणि घरी राहा" एवढं म्हणाल्या आणि चौकशी परत पाठवते असं सांगितलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

एक गोष्ट हवालदारसाहेबांसाठी. मुलीने अर्जात माझाच नंबर दिला होता. त्या दिवसांत माझ्या फोनवर दोन मिस्ड कॉल होते, दोन्ही मी दवाखान्यात असताना. ते पोलिसांचे होते की नाही सांगता येत नाही.

निवृत्त_हवालदार

असतील. आता चौकशी ठाण्यात पोचली की नाही हे पोर्टलवर दिसेल. तीन-चार दिवस थांबून मुलीने स्वतः ठाण्यात जाऊन पासपोर्टच्या टेबलावर आपला नंबर देऊन यावा. त्याने काम ढकललं जात नाही, पण माणूस दारात परत येऊन रिकाम्या हाताने जाणार नाही. सकाळी जाऊ नका, बंदोबस्ताच्या वाटपाची गडबड असते. दुपारी चारनंतर.

सावली

फॉर्मवालीताई, राहून गेलेलं विचारते. लग्नानंतर नाव बदललं नाही, पण पासपोर्ट रिन्यू करताना नवऱ्याचं नाव घालायचंय. कोणता कागद?

फॉर्मवाली_कोल्हापूर

त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे काकांचं मागे पडेल. मी तिथे लिहिते.

विटेकर

आज दुपारी साडेचारला मुलगी ठाण्यात जाऊन आली. चौकशी कालच आली होती. टेबलावरच्या ताईंनी नंबर लिहून घेतला आणि शनिवारी सकाळी घरी येते म्हणाल्या. शेजारच्या कुलकर्णी आजींना आणि वरच्या मजल्यावरच्या एका काकांना सांगून ठेवलंय. वॉचमनला तिने कागदावर स्वतःचं पूर्ण नाव आणि फ्लॅट नंबर लिहून दिलाय, तो त्याने रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. शनिवारी झालं की लिहितो.